३० सेकंदांच्या रेडिओ स्पॉटबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू (२ स्टार): "शोरूमची रेडिओ अ‍ॅड करायला गेलो होतो. ३० सेकंदांत ७५ शब्द बसतात हे कोणीही सांगेल, माझी स्क्रिप्ट तर ६८ शब्दांचीच होती. तरी बसत नाही म्हणून चांगली चांगली वाक्यं कापली, फोन नंबरपण काढला. आर्टिस्टला जरा फास्ट वाच म्हटलं तर ऐकलं नाही."

नमस्कार दादा, तुमचा राग समजू शकतो, मनापासून लिहिलेलं वाक्य कापलं की कुणालाही लागतंच. पण का कापलं ते इथे नीट सांगतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

७५ शब्दांचा जो हिशोब आहे ना तो इंग्लिश अ‍ॅडचा आहे, मिनिटाला दीडशे शब्द या स्पीडचा. मराठीत तो चालत नाही कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. तुमच्याच स्क्रिप्टमधला "बसस्टँडसमोरच्या" घ्या, मोजताना एक शब्द, पण बोलायला इंग्लिशच्या तीन-चार छोट्या शब्दांएवढा वेळ खातो. म्हणून आम्ही मराठी अ‍ॅड रीडला सेकंदाला साधारण २ शब्द धरतो, बातम्या वाचल्यासारखं सलग वाचलं तर थोडे जास्त बसतात, पण अ‍ॅडमध्ये ऑफर सांगितल्यावर ऐकणाऱ्याला क्षणभर थांबा द्यावाच लागतो.

दुसरं म्हणजे ३० सेकंद पूर्ण बोलायला मिळतच नाहीत. सुरुवातीचं म्युझिक २ सेकंद आणि शेवटी तुमची जिंगल ३ सेकंद, म्हणजे हातात राहिले २५, म्हणजेच ५० शब्द. स्लॉट फिक्स असतो, स्पॉट ३१ सेकंदांचा झाला तरी चालत नाही, आणि शेवट कापायचा तर नेमकं तुमचं नावच जाणार.

आता ते ६८ शब्द. हा आकडा कॉम्प्युटरने मोजलेला आहे आणि कॉम्प्युटर "₹१,४९,९९९" हा एकच शब्द मोजतो, पण माणूस ते "एक लाख एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये" असं वाचतो, झाले ७ शब्द. मोबाईल नंबर कॉम्प्युटरला एक शब्द, तोंडाला दहा. "२०%" चे "वीस टक्के", दोन. हे सगळं धरलं तर तुमची स्क्रिप्ट ८४ शब्दांची होते, म्हणजे ४२ सेकंद. तुमच्यासमोरच आर्टिस्टने एकदा ट्रायल वाचली तेव्हा घड्याळात ४१ आले होते, आठवत असेल.

फास्ट वाचण्याबद्दल. ४१ चे २५ करायचे म्हणजे दीडपटीहूनही जास्त स्पीड. रेकॉर्डिंग एक सेकंद जास्त झालं तर सॉफ्टवेअरने दाबता येतं, चार-पाच टक्क्यांपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही, त्यापुढे मात्र जोडाक्षरं गिळली जातात, "एकोणपन्नास" आणि "एकोणसाठ" यातला फरकच कळेनासा होतो. किंमतच चुकीची ऐकू आली तर शोरूमला येऊन गिऱ्हाईक तुमच्याशी वाद घालणार, आमच्याशी नाही. आर्टिस्टने नाही म्हटलं ते तुमच्याच भल्यासाठी.

म्हणून आम्ही काय केलं, तर किंमत "दीड लाखाच्या आत" केली, सात शब्दांचे तीन झाले आणि लक्षातपण राहते. फोन नंबर काढला कारण नीट कळेल असा वाचायला पाचेक सेकंद जातात, म्हणजे २५ मधला पाचवा हिस्सा, आणि गाडी चालवताना रेडिओ ऐकणारा माणूस दहा आकडे लिहून घेणार कुठे? त्यापेक्षा बसस्टँडसमोर एवढं सांगितलं की गावातला माणूस बरोबर पोचतो. ४९ शब्द राहिले, रेकॉर्डिंग साडेचोवीस सेकंदांत बसलं, कुठेही घाई वाटत नाही.

एक्स्चेंज ऑफरचं वाक्य गेलं याचं तुम्हाला जास्त वाईट वाटलंय असं दिसतंय, आणि ते वाक्य खरंच चांगलं होतं. ते परत घ्यायचं असेल तर याच स्पॉटमध्ये कोंबण्यापेक्षा दुसरा स्पॉट करू, एकात किंमत, एकात एक्स्चेंज, आणि रेडिओवाल्यांना आलटून पालटून लावायला सांगू, एअरटाइमचं बिल तेवढंच राहतं कारण एकूण सेकंद वाढत नाहीत. आमचं फक्त रेकॉर्डिंगचं वेगळं होईल.

पुढची स्क्रिप्ट लिहिताना सगळे आकडे अक्षरात लिहा आणि मगच शब्द मोजा, मग मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, समोर गिऱ्हाईक उभं आहे असं समजून. मनात वाचू नका, डोळे तोंडापेक्षा खूप जोरात पळतात. २५ च्या आसपास आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, बुकिंगच्या आधी आम्ही वाचून टायमिंग सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.