तेरा लायसन्सचा कसला स्टॉक? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “आमच्या ऑफिसात तेरा माणसं. सॉफ्टवेअरच्या तेरा लायसन्ससाठी स्टॉक रजिस्टर कशाला? लायसन्स काय गोदामात पडून कुजतात? बिल आलं की भरायचं, रिकामं दिसलं की काढून टाकायचं. उगाच मोठ्या कंपन्यांची नक्कल.”

दादा, रजिस्टरसाठी वेगळं सॉफ्टवेअर नकोच, एक शीट पुरते. पण ‘रिकामं दिसलं की काढून टाकायचं’ हे वर्षाच्या करारात चालत नाही.

रत्नागिरीतलं आंबा पाठवणारं एखादं ऑफिस धरा. कायमची ९ माणसं, मार्च ते जून बुकिंग-बिलिंगला आणखी ४. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या १३ सीट, म्हणजे माणशी एक लायसन्स, वर्षाचा करार, रिन्यूअल १५ एप्रिलला. हंगाम ऐन भरात असल्याने त्या दिवशी तेराही सीट वापरात दिसणार आणि करार आपोआप तेराचाच पुढे सरकणार. पावसाळा लागला, चौघं घरी गेले, की तुम्ही सीट कमी करायला जाता. तेव्हा वेळ गेलेली असते, कारण वर्षाच्या करारात कमी करायची मुभा रिन्यूअलनंतर ७ दिवसच असते. वाढवायला मात्र कधीही मोकळीक!

म्हणून रिन्यूअलला वर्षाच्या करारात ९ ठेवायच्या आणि हंगामापुरत्या लागणाऱ्या चार सीट महिन्या-महिन्याच्या करारावर घ्यायच्या. महिन्याचा दर साधारण २० टक्के जास्त पडतो, त्याला बिचकू नका. वर्षाच्या करारात त्या चार सीटचे ४८ महिने भरावे लागतात. महिन्याच्या करारात १६ महिनेच, आणि चढा दर धरूनही ते १९च्या आसपास जातात. फक्त जूनमध्ये आपोआप होणारं रिन्यूअल आठवणीने बंद करा, नाहीतर तेही चालूच राहतं. शीटमध्ये या दोन करारांच्या ओळी वेगळ्या हव्यात.

आता ‘रिकामं दिसणं’. सोडून गेलेल्याच्या नावावर सीट तशीच राहिली, तर यादीत ती भरलेलीच दिसते. म्हणून नावापुढे शेवटच्या वापराची तारीख लिहा. ती अ‍ॅडमिन सेंटरमधल्या वापराच्या रिपोर्टमध्ये मिळते. पण नुसत्या तारखेवर कात्री चालवू नका. बुकिंगच्या मेलबॉक्समध्ये पावसाळ्यात कोणी लॉगिन करत नसेल, तरी गिऱ्हाइकाची जुनी पत्रं तिथेच असतात. तो आधी शेअर्ड मेलबॉक्स करा. ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही. लायसन्स काढायचं ते त्यानंतर. क्रम उलटा झाला, तर ३० दिवसांनी पत्रं जातात.

शीटमध्ये रिन्यूअलच्या तारखेशेजारी महिनाभर आधीची निर्णयाची तारीख टाका. आमच्या उदाहरणात ती १५ मार्च. त्या दिवशी ‘आज किती वापरात’ एवढ्यावर थांबू नका, ऑगस्टमध्ये ऑफिसात कोण बसणार तेही मालकांना विचारा. आणि रिन्यूअलच्या सूचनांचा मेल कोणाच्या पत्त्यावर जातो ते आजच बघून घ्या. कित्येकदा तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाचाच निघतो.