खुलासा : गॅसच्या नळीची पाच वर्षे

‘नळीला चीर नाही, वास येत नाही, तर पाच वर्षांनी बदलायची कशाला?’

कारण रबर आधी कडक होतं, चीर नंतर दिसते. रामबागेतल्या आमच्या काकूंची नारिंगी सुरक्षा नळी मधल्या भागात अगदी नवी वाटत होती. शेगडीकडचं टोक मात्र आचेनं कडक झालं होतं. ते हलकेच वाकवलं, तर बारीक भेगा उघडल्या. टोक कापून पुन्हा बसवू नका, पूर्ण नळी बदला. नळीवर छापलेली तारीख पाहा. पाच वर्षं ही कमाल मर्यादा आहे. भेगा किंवा उंदराचे दात दिसले तर त्याच दिवशी बदला.

रेग्युलेटरची खटकी सैल झाली किंवा बसवल्यावर फुसफुस ऐकू आली, तर तो उघडून दुरुस्त करू नये, एजन्सीतून बदलून घ्यावा. पण नव्या सिलिंडरवरच गळती दिसली, तर एजन्सीच्या माणसाला आधी व्हॉल्व्हमधलं रबरी वायसर तपासायला सांगा. गळती होत असेल, तर लगेच रेग्युलेटर काढून टोपी लावा, खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका आणि १९०६ वर फोन करा. एरवी तपासायला साबणाचं पाणी पुरतं. काडी कधीच पेटवू नका.