बोजा आढळला नाही

आमच्या घरात वस्तू शोधायचं काम माझ्याकडे आलं की त्याचा शेवट ठरलेला असतो. मोहरीचा डबा मागितला की मी फडताळ उघडतो, पुढची ओळ बघतो आणि "नाहीये" असं जाहीर करतो. मग बायको येऊन मागच्या ओळीतून तो डबा काढते आणि म्हणते, "नाहीये नव्हे, बघितलं नाही म्हणा."

असल्या माणसाने साताऱ्यात प्लॉट घ्यायचं ठरवलं. कोरेगाव रस्त्याला, दीड हजार चौरस फूट. मालक गोड बोलणारे. सर्च रिपोर्टही त्यांनीच आणून दिला. एकच पान, खाली गोल शिक्का: "गेल्या 30 वर्षांचा शोध घेतला. मिळकतीवर कोणताही बोजा नाही." वाचून मी मनातल्या मनात बाल्कनीत तुळस लावली.

बायको म्हणाली, आपलाही एक वकील दाखवू. राजवाड्याजवळच्या एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते पान वाचलं. "96-97 ची इंडेक्सची पुस्तकं यांना कुठं मिळाली हो? मला तर कित्येक वर्षांत मिळाली नाहीत. अर्धी फाटलीत आणि अर्धी बाइंडिंगला गेलीत ती गेलीतच."

दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत असो, गहाणखत असो की हक्कसोडपत्र, ते सूची क्रमांक 2 मध्ये चढतं. तिलाच सगळे इंडेक्स टू म्हणतात. 2002 पासूनचं संगणकावर बघता येतं, त्याआधीच्या जाडजूड वह्या मात्र ऑफिसात जाऊन चाळाव्या लागतात. वही नसेल तर त्या काळात व्यवहार झाला की नाही, हे त्या ऑफिसातून कुणालाच सांगता येणार नाही.

"पण मी संगणकावर बघितलंय," मी छाती काढली. "गट नंबर टाकला. काहीसुद्धा आलं नाही!"

"जुना सर्व्हे नंबर टाकला?"

टाकला नव्हता. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, पण दस्त लिहिणाऱ्याने जुनाच नंबर लिहिला असेल तर गट नंबर टाकून तो दिसणार कसा? साहेबांनी जुना नंबर टाकला आणि 2006 चं एक गहाणखत नव्या नवरीसारखं बाहेर आलं. पाठोपाठ 2011 साली कर्ज फिटल्याचा दस्तही आला म्हणून माझा घास घशाखाली गेला.

आठवड्याने त्यांचा रिपोर्ट आला, चार पानी. त्यात एक परिच्छेद असा: "सन 1996 व 1997 च्या सूचीची पुस्तके पाहण्यास मिळाली नाहीत. सबब त्या काळातील व्यवहार तपासलेले नाहीत. व्यवहार झाले नाहीत, असा याचा अर्थ घेऊ नये." मी म्हटलं, साहेब, एवढी फी देऊन तुम्हाला काय माहीत नाही तेच लिहून दिलंत! ते म्हणाले, "फी त्याचीच घेतली."

मग त्यांनी दुसऱ्या बाजूने धरलं. इंडेक्स नसला तरी तलाठ्याकडचे फेरफार असतात. मालकांचे वडील 1995 साली वारले. वारस फेरफारात दोन नावं होती, मालक आणि त्यांची बहीण. 1998 च्या सातबारावर मात्र बहीण गायब! मधे तिच्या हक्कसोडीचा फेरफार सापडेना. हक्कसोडपत्र झालं असलं तर त्या फाटक्या दोन वर्षांतच झालं असणार. झालं नसलं तर प्लॉटची अर्धी मालकीण अजून वाईत बसलीय.

मालकांना विचारलं. "आक्काचं काही म्हणणं नाही."

"विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? म्हणणंच नाही."

मला फडताळ आठवलं.

रविवारी आम्ही तिघे वाईला गेलो. आक्कांनी चहा केला, मुलांची चौकशी केली. मग वकीलसाहेबांनी हळूच विचारलं, "वडिलांच्या मागे हक्क सोडल्याचा कागद केला होता का?"

आक्का बराच वेळ कृष्णेच्या घाटाकडे बघत बसल्या. "एकदा कोरेगावला नेलं होतं. अंगठा दिला की सही केली, आठवत नाही. कागद कसला ते कुणी वाचून दाखवलं नाही. दिला नाही असंही मी म्हणत नाही आणि दिला असंही नाही."

वकीलसाहेब एकदम खूश. "बाई, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात!"

शेवटी खरेदीखतात आक्का 'मान्यता देणार' म्हणून आल्या. रक्कम ठरली, तिचा चेक त्यांच्या नावाने निघाला, आणि या वेळी कागद शब्दन् शब्द वाचून मगच त्यांनी सही केली. मालक तोंड फिरवून बसले होते.

घरी आलो तर बायकोने विचारलं, "मोहरी संपलीय का हो?"

मी म्हटलं, "पुढच्या ओळीत नाही. मागची ओळ बघितलेली नाही. वरचा कप्पा उंच असल्यामुळे तपासता आला नाही."

"मग स्टूल घ्या," ती म्हणाली.