पंचवीस हजारांत तीन घड्याळं: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख पटला नाही. पंचवीस हजारांतल्या तीन घड्याळांपैकी दोन सेलवर चालणारी, त्यातलं एक प्लास्टिकचं कॅसिओ. याला कलेक्शन म्हणायचं? सगळे पैसे एका ऑटोमॅटिक सेइको ५ मध्ये घातले तर ते ऑफिसला, लग्नाला आणि पोहायलाही चालतं. ड्रेस वॉच हवंच असेल तर ऑनलाइन दोन हजारांत चावीचं एचएमटी जनता मिळतं, मग सेलवाल्यावर पाच हजार कशाला?"

सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. मूळ लेखात मी पंचवीस हजार असे वाटले होते: रोजच्या वापराला चौदा हजारांचं ऑटोमॅटिक, लग्नकार्याला पाच हजारांचं सेलचं ड्रेस वॉच, खेळाला साडेतीन हजारांचं कॅसिओ आणि उरलेले अडीच हजार पट्टे-देखभालीला. सेइको ५ वर माझा काडीचाही राग नाही. एकच घड्याळ घ्यायचं असेल तर मीही ते सुचवीन. प्रश्न तीन घड्याळांचा आहे आणि तिथे हिशेब बदलतो, कारण कुठल्याही दिवशी तिघांपैकी दोन कपाटात पडून असतात.

सेइको ५ स्पोर्ट्सच्या सध्याच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ४आर३६ मशीन येतं. पूर्ण चावी भरली की ते साधारण ४१ तास चालतं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलंत तर सोमवारी सकाळी ते बंद असणार. वेळ, तारीख, वार सगळं पुन्हा लावा. त्यातही रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान काटे असताना तारीख झटपट फिरवायची नाही, कारण त्या वेळी तारखेची दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि जबरदस्ती केली की दाता तुटू शकतो. रोज हातात असणाऱ्या घड्याळाला यातलं काहीच करावं लागत नाही, तुमच्या हाताच्या हालचालीवर ते चालत राहतं. म्हणून माझ्या यादीत ऑटोमॅटिक आहे ते रोजच्या वापराच्या जागी, आणि त्याला सगळ्यात मोठा वाटा आहे, चौदा हजारांचा. वर्षातून आठ-दहा लग्नं नि मुंजींना निघणारं घड्याळ मात्र सेलचं. साडी-शेरवानीच्या गडबडीत वार आणि तारीख जुळवत बसायला कोणाला वेळ असतो?

दुसरी गोष्ट जाडीची. ड्रेस वॉचचं खरं काम शर्टाच्या बाहीखाली सरकणं. सेइको ५ स्पोर्ट्सचं डायव्हर धाटणीचं मॉडेल साडेतेरा मिलीमीटरच्या आसपास जाड आहे, कफचं बटण लावलं की कापड त्यावर अडकून बसतं. सेलचं मशीन पातळ असतं, म्हणून सात-आठ मिलीमीटरचं घड्याळ माफक पैशांत मिळतं. टायटननं २००२ साली एज हे पातळ घड्याळ काढलं तेव्हा अख्खं घड्याळ साडेतीन मिलीमीटरचं होतं आणि आतलं मशीन १.१५ मिलीमीटरचं. एज आपल्या पाच हजारांत बसत नाही, पण त्याच धाटणीचं साधं, पांढऱ्या तबकडीचं, तारीख नसलेलं सेलचं घड्याळ बसतं. ऑटोमॅटिकमध्ये तेवढं पातळ घड्याळ हवं असेल तर पंचवीस हजार त्या एकावरच खर्च होतील.

सेलच्या घड्याळाची एक खोड मूळ लेखात राहून गेली, ती इथे सांगतो. संपलेला सेल तसाच आत राहिला तर तो गळतो आणि मशीन खातो. ड्रेस वॉच महिनोन् महिने डब्यात असतं, त्यामुळे हे कळतच नाही. बऱ्याच घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा एकेक सेकंद न चालता दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो. ती खूण दिसली की लगेच सेल बदलून घ्यायचा. सेल वाचावा म्हणून काही जण चावी ओढून ठेवतात. कोरड्या हवेत ठीक, पण कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात नको, त्या फटीतून दमट हवा आत जाते.

आता प्लास्टिकचं कॅसिओ. खेळाच्या घड्याळाला मी साडेतीन हजार ठेवले होते ते एई-१२०० डोळ्यांसमोर ठेवून. त्याला पाण्यासाठी शंभर मीटरचं रेटिंग आहे आणि कंपनी सेल दहा वर्षं चालेल असं सांगते. पोहणं, क्रिकेट, ट्रेक, धाकट्या भावाला उसनं देणं, सगळ्याला चालतं. सेइको ५ लाही शंभर मीटर आहेत, म्हणजे कागदावर तेही पोहायला चालतं. पण त्याची चावी बहुतेक मॉडेल्सना स्क्रूने बसत नाही, नुसती दाबायची असते. ती अर्धवट बाहेर राहिली आणि तुम्ही तलावात उतरलात की काचेच्या आत धुकं दिसेल आणि पुढचा खर्च दुकानदार सांगेल. पाणी अडवणारी रबराची गॅस्केटंही वयानं कडक होतात. पाण्यासाठी मी नेहमी असंच घड्याळ ठेवीन जे गेलं तरी झोप उडणार नाही. ड्रेस वॉचवर लिहिलेले तीस मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, त्यापलीकडे काही नाही.

उरलेल्या अडीच हजारांबद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण तेही योजनेचाच भाग आहेत. रोजचं आणि ड्रेसचं, दोन्हींची पट्ट्याची रुंदी २० मिलीमीटरच निवडा. मग एक चामड्याचा आणि एक नायलॉनचा पट्टा दोघांत फिरतो. जून ते सप्टेंबर चामडं हातावर नकोच, घामानं आणि पावसानं ते कुजून वास मारतं. उरलेले पैसे सेलसाठी आणि पुढे कधीतरी ऑटोमॅटिकच्या सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा. ऑटोमॅटिकमधलं तेल काही वर्षांनी सुकतं, मग रोज मिनिटभर पुढे-मागे जायला लागतं. अर्थात ४आर३६ ला कंपनीच दिवसाला अधिक ४५ ते उणे ३५ सेकंदांची मुभा देते, त्यामुळे वीस-पंचवीस सेकंदांनी घाबरू नका.

जनताबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही, वाद आहे तो 'ऑनलाइन दोन हजारांत' या शब्दांशी. एचएमटीनं सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ पासून बंगळुरूत घड्याळं बनवली आणि २०१६ मध्ये घड्याळांचा कारखाना बंद झाला. तरी आज ऑनलाइन एचएमटीची चकाचक 'नवी' जनता आणि पायलट मॉडेल्स ढिगानं दिसतात. त्यातली बरीचशी जुनी मशीनं, घासून गुळगुळीत केलेल्या केस आणि पुन्हा छापलेल्या तबकड्या. परदेशातले हौशी लोक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आपल्याला अभिमान वाटावा असं हे नाव नाही! ओळखायचं कसं? तबकडीचा फोटो मोठा करून बघा. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेषा आकड्यांशी न जुळणाऱ्या, काटे आखूड पडलेले, आणि भडक निळा-नारिंगी रंग, यातलं काही दिसलं की सोडून द्या. विक्रेत्याकडे मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

घरात आजोबांचं किंवा काकांना निवृत्तीला मिळालेलं जनता पडून असेल तर गोष्टच वेगळी. ते चांगल्या कारागिराकडून साफ करून, तेल घालून घ्या, डायल मात्र अजिबात रंगवू देऊ नका. मग ड्रेस वॉचचे पाच हजार वाचले, ते रोजच्या घड्याळात टाका. चावी रोज सकाळी एकाच वेळी भरायची, अडली की थांबायचं. असं एखादं सापडलं तर तबकडीचा आणि मशीनचा फोटो पाठवा, बघून सांगतो.