खुलासा : डाव्या अर्ध्या प्रतलातले पोल-झिरो पुरेसे नाहीत

«सगळे पोल आणि झिरो डावीकडे आले की ड्रायव्हिंग पॉइंट इम्पिडन्स पॅसिव्ह घटकांनी बनवता येतोच.»

पुण्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांतून फिरणारे हे विधान अर्धेच खरे आहे. पोल-झिरो उजवीकडे नसणे आवश्यक असले, तरी जिथे Z(jω) सांत आहे अशा प्रत्येक वारंवारतेला त्याचा वास्तव भाग शून्य किंवा धन असावा लागतो, आणि टिपणात नेमकी हीच अट गळाली आहे.

Z(s) = (s²+s+5)/(s²+s+1) घ्या. याचे चारही पोल-झिरो −०.५ या उभ्या रेषेवर, म्हणजे डावीकडेच आहेत. मात्र s = jω ठेवल्यावर वास्तव भागाचा अंश ω⁴−5ω²+5 येतो आणि छेद धनच असतो. ω² = 2 असताना अंश −१ व छेद ३, म्हणून वास्तव भाग −१/३ ओहम. त्या वारंवारतेला १ अँपिअर (आरएमएस) प्रवाह सोडला, तर मंडलाने स्रोतालाच सरासरी १/३ वॅट परत द्यायला हवेत; रोध, प्रेरक आणि धारित्र यांच्या कोणत्याही जोडणीला ते शक्य नाही.

अंशातल्या ५ च्या जागी ४ घेतल्यास तोच अंश (ω²−2)² होतो, कधीच ऋण होत नाही, आणि १९३१ मधील ब्रून यांच्या पद्धतीने मंडल बांधता येते, मात्र त्यात युग्मित कुंडल्या लागतात. दोन्ही आकृत्या शेजारी काढल्या, तर झिरो २.१८ वरून १.९४ पर्यंत खाली सरकलेले दिसतात; नुसत्या नजरेने हा फरक ओळखता येत नाही, म्हणून वास्तव भाग काढूनच पाहावा.