रा. म्हणजे कोण? (प्रतिक्रियेला उत्तर)

"जुनं पत्र टाइप करायचं म्हणजे जसं आहे तसं टाइप करायचं, एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही. कंसात आपली अक्कल घालून कागद बाटवू नका. तारखाही संशयास्पद वाटतात, आणि फॉन्ट वाचवत नाही."

नमस्कार. जुनी पत्रं टाइप करून मी इथे भागाभागाने देतोय आणि संक्षेप उलगडताना माझी भर कंसात टाकतो, त्यातल्या एका पत्रावर वरची प्रतिक्रिया आली. "लोकांना कळत नाही" यातले लोक म्हणजे मीच ना? मग सरळ "तुम्हाला" म्हणा की. आणि "बाटवू" हा शब्द कशाला? कागद माझ्याकडे पिशवीत जसाच्या तसा आहे, त्यावर मी पेन लावलेलं नाही. मतभेद असू दे हो, पण आधी नीट वाचून तरी बोला.

एक गोष्ट मान्य, कंसांचा खुलासा फक्त पहिल्या भागात आहे, मधूनच आलेल्या वाचकाला तो दिसत नाही. आता प्रत्येक पत्रावर टाकतो.

बाकी "जसं आहे तसं" हे म्हणायला फार सोपं आहे. ज्या पत्रावरून तुम्ही चिडलात तेच घेऊ. मायना "रा. रा." ने सुरू होतो, तिथे राजमान्य राजश्री, यात वाद नाही. पुढे एका साक्षीदाराचं नाव आणि त्यापुढे "रा." मग गावाचं नाव, म्हणजे राहणार. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत "चि. रा. यास सांगणे", म्हणजे इथे माणसाचं नाव. एकाच हाताने, एकाच पानावर, एकच अक्षर आणि टिंब, तीन वेगळ्या गोष्टी. तीच गत "ता॥" ची. "ता॥ ५ रोजी" इथे पुढे आकडा आहे म्हणून तारीख, दोन ओळींनी "ता॥ कचेरीत" इथे तालुका. जसंच्या तसं टाइप करून सोडलं तर मुक्काम, तालुका, राहणार असं शोधणाऱ्याला या पत्रातलं काहीही सापडणार नाही. बरं, "जसं आहे तसं" टाइप करायचं तरी कसं? ती दोन दंडांची खूण कुणी ॥ अशी एकाच चिन्हाने टाइप करतं, कुणी । दोनदा दाबतं, कुणी इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ मारतं. डोळ्याला तिन्ही सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला तिन्ही वेगळं, आणि मग शोध फसला की आपण म्हणतो पत्रात नाहीये. म्हणजे निर्णय तुम्हीही घेताय, फक्त तो घेतलाय हे वाचणाऱ्याला सांगत नाही.

म्हणून मी मूळ अक्षरं तशीच ठेवतो आणि माझी भर गोल कंसात देतो: ता(रीख) ५, ता(लुका) कचेरीत, मु(क्काम). नुसत्या कंसाच्या खुणा काढा, शोधायला पूर्ण शब्द मिळतो; कंस आणि आतली अक्षरं काढून टाका, मूळ अक्षरं हातात येतात, खूण कुठे दंडांची होती आणि कुठे टिंबाची ते शेजारच्या फोटोत दिसतं. ही माझी अक्कल नाही बरं का, शिलालेख आणि पपायरसवरचे जुने लेख वाचणाऱ्यांनी १९३१ साली नेदरलँड्समधल्या लायडनला जी पद्धत ठरवली तिच्यात गोल कंस संक्षेप उलगडायलाच आहे, आणि चौकोनी कंस कागद फाटून गेलेली अक्षरं अंदाजाने भरायला. दोन्ही एकाच कंसात टाकले असते तर तुमचं ओरडणं रास्त होतं.

आता "चि. रा." बघा. तिथे मी काय लिहिलंय? "चि(रंजीव) रा." आणि पुढे काही नाही! बघितलंत का? कारण "चि." उलगडणं म्हणजे शब्द वाचणं, पण "रा." उलगडणं म्हणजे माणूस ओळखणं, आणि या घरात रामचंद्र आणि राघो असे दोघं भाऊ होते. त्याच पत्रात त्याच हाताने पूर्ण नाव आलं असतं तर भरलं असतं, तसं आलेलं नाही. माझा कल रामचंद्राकडे आहे, कारण पुढे कचेरीत जायला सांगितलंय आणि कचेरीची कामं तोच बघायचा असं बाकीच्या पत्रांवरून दिसतं. पण तो कल खाली टिपेत दिलाय, मजकुरात घुसवला नाही. मजकुरात एकदा "रामचंद्र" पडला की पुढचा माणूस तिथून वंशावळ उचलतो, आणि राघो बिचारा घरातून गायबच होतो.

मी शाळेत असल्यापासून आजोबांच्या शेजारी बसून हे कागद वाचतोय. ते "पुढचं अक्षर सांग" म्हणायचे, आणि अंदाजाने ठोकून दिलं की पान मिटून ठेवायचे. त्यामुळे भर आणि वाचन यातला फरक मला शिकवू नका, प्लीज.

तारखांबद्दल मागच्या भागात सविस्तर लिहिलंय, तिथे वाचा. फॉन्ट मोठा करायची सोय तुमच्या ब्राउजरमध्ये आहे.

"चि. रा." च्या ओळीचा मोठा फोटो खाली जोडतोय. तिथे रामचंद्र की राघो, आणि कशावरून, ते सांगा. आणि यावेळी जमलं तर टोपणनावाआडून नको.