नफा वाढला तरी फंड पडतो, आणि मधले पैसे कोणी खात नाही

"कंपन्यांचे नफे वाढतायत आणि तुमचा फंड खाली? १) फंडातल्या कंपन्यांचा नफा वाढला की एनएव्ही वाढलीच पाहिजे. २) वाढत नसेल तर मधला फरक फंडवाले खातात. ३) आजच एसआयपी बंद करा, पैसे काढून घ्या. सगळ्यांना पाठवा."

हा मेसेज माझ्या भाचीने मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, काढून टाकू का?" नोकरी लागल्यावर तिने निफ्टीच्या इंडेक्स फंडात पहिलीच एसआयपी सुरू केली आहे. असल्या मेसेजपायी तिने ती मोडावी हे मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा मुळातच चुकला आहे. कंपनीचा नफा फंडाच्या खात्यात येत नाही. त्यातला काही भाग लाभांश म्हणून येतो, बाकीचा कंपनीतच राहतो. फंडाकडे असतात ते शेअर, आणि रोजची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, त्या शेअरच्या त्या दिवशीच्या बंद भावावर काढायची, हे सेबीच्या १९९६ च्या म्युच्युअल फंड नियमावलीच्या आठव्या परिशिष्टातच लिहिलेलं होतं. त्या हिशेबात कंपनीच्या नफ्याचा रकाना नसतो.

मग भाव आणि नफा यांचा संबंध काय? खरं उदाहरण घेऊ. १६ जानेवारी २०२४ ला एचडीएफसी बँकेने तिमाही निकाल जाहीर केला. नफा १६,३७२ कोटी रुपये, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत १२,२५९ कोटी. म्हणजे ३३ टक्क्यांहून जास्त वाढ. दुसऱ्या दिवशी शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून जास्त पडला.

का पडला? १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली होती. त्या कंपनीच्या दर २५ शेअरमागे बँकेने आपले ४२ नवे शेअर दिले. त्यामुळे बँकेचे एकूण शेअर सुमारे ५५७ कोटींवरून ७५९ कोटींच्या घरात गेले. आता नफ्याला शेअरच्या संख्येने भागा. आधी शेअरमागे साधारण २२ रुपये नफा होता, नंतर साडेएकवीस. एकूण नफा तेहेतीस टक्के वाढला, पण एका शेअरच्या वाट्याला आलेला नफा किंचित कमीच झाला. फंडाकडे शेअर असतात, त्यामुळे त्याच्यासाठी महत्त्वाचा आकडा हा दुसरा.

शिवाय भाव ठरतो तो पुढच्या वर्षांच्या अंदाजावर. बँकेच्या ठेवी त्या तिमाहीत जेमतेम दोन टक्के वाढल्या, आणि वाटलेली कर्जं ठेवींपेक्षा जास्त होती. ठेवी अशा संथ आल्या तर कर्जं वाढवायला पैसा कुठून आणणार, हा प्रश्न बाजाराने त्या दिवशी विचारला. शेअरमागच्या एका रुपयाच्या नफ्यासाठी लोक जितके रुपये द्यायला तयार असतात, त्याला पीई म्हणतात. शेअरमागे नफा १०० रुपये आणि पीई २५ असेल तर भाव २,५००. नफा वाढून ११० झाला, पण पीई २० वर आला, तर भाव २,२००. नफा दहा टक्के वर, भाव बारा टक्के खाली. चांगल्या निकालाची अपेक्षा भावात आधीच धरलेली असली की हे वरचेवर होतं.

निफ्टीत या बँकेचं वजन तेव्हा १३ टक्क्यांच्या आसपास होतं. तेरा टक्के वजनाचा शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला की एकट्यामुळे निर्देशांक एक टक्क्याहून जास्त खाली येतो. १७ जानेवारीला निफ्टी सुमारे दोन टक्के पडला. त्यातली निम्म्याहून जास्त घट या एका शेअरची.

"फंडवाले खातात" हे वाक्य मला सर्वात घातक वाटतं. शेअर कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे असतात, मॅनेजरच्या हातात नाहीत. एनएव्ही रोज जाहीर होते, फंडात कोणते शेअर किती आहेत ते दर महिन्याला. यात एवढं मात्र खरं आहे की फंड आपला खर्च एनएव्हीतून वळता करतो. पण वर्षाला एक टक्का खर्च धरला तरी दिवसाला तो एक टक्क्याच्या साडेतीनशेव्या भागाएवढा. त्याने एका दिवसात दोन टक्के घट होत नाही. वर्षानुवर्षांत तो चांगलाच जाणवतो, म्हणून कमी खर्चाचा फंड घ्यावा, हे मान्य.

तिसऱ्या मुद्द्यावर एवढंच सांगतो. भाचीला हे पैसे पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणार असतील तर ते शेअरच्या फंडात ठेवूच नयेत, फंड वर असो वा खाली. तिला ते इतक्यात लागणार नाहीत.

संशय आलाच तर तपासायचं कसं, तेही लिहितो. फंड पडला त्या दिवशी त्याचा निर्देशांक किती टक्के पडला ते बघायचं. दोन्ही जवळपास सारखे असतील तर पडला तो बाजार. निर्देशांक दोन टक्के आणि इंडेक्स फंड चार टक्के पडला असेल, तर फंड कंपनीला ईमेल करून खुलासा मागायचा.